घ्या की ओ, गार व्हायलाय!

सोलापुरात पाहुण्यासमोर चहाचा कप टेकतो न टेकतो तोच यजमान म्हणतो, "घ्या की ओ, गार व्हायलाय." मे महिन्यात, भर दुपारी, घरातच ४० अंश असताना हे वाक्य म्हणजे शुद्ध अफवा आहे. ओठ लावावा तर जीभ पोळते, न लावावा तर यजमानाचं तोंड पडतं. पाहुणा बिचारा घाम पुसत कपाकडे बघत बसतो.

या छळामागचा नियम न्यूटनने १७०१ साली एका निबंधात मांडला, तोही स्वतःचं नाव न घालता. चहा किती वेगाने निवतो, हे तो किती गरम आहे यावर नाही, खोलीपेक्षा किती जास्त गरम आहे यावर ठरतं:

dT/dt = −k(T − Tₐ)

dT/dt म्हणजे चहाचं तापमान बदलण्याचा वेग, T म्हणजे चहाचं तापमान, Tₐ खोलीचं, आणि k म्हणजे त्या कपाचा स्वभाव. हा स्वभाव घरी मोजता येतो. थर्मामीटर मात्र स्वयंपाकघरातला घ्या. ताप बघायचा नको, त्याची मजल ४२ पर्यंतच, चहात तो प्राण सोडेल. चहा ओतल्यावर पहिलं मिनिट सोडून द्या, कारण तेवढ्या वेळात कप स्वतःच चहातली उष्णता गिळतो आणि आकडा उगाच धाडकन उतरतो. मग चमच्याने ढवळा, थर्मामीटर तळाला न टेकवता मधोमध धरा आणि आकडा टिपा. पाच मिनिटांनी परत तेच.

समजा आधी ८४ आले, नंतर ७३. म्हणजे पाच मिनिटांत ११ अंश. इथे आपल्यातला त्रैराशिकवाला जागा होतो आणि सांगतो, आणखी पाच मिनिटांत अजून ११, म्हणजे ६२. तसं होत नाही. बघायचं ते अंतर: ८४ आणि ४० मधलं ४४, ७३ आणि ४० मधलं ३३. अंतराचा पाऊण हिस्सा उरला. पुढच्या पाच मिनिटांत ३३ चा पाऊण, म्हणजे पावणेपंचवीस उरणार आणि चहा ६५ च्या आसपास येणार. पाहुण्याच्या वाट्याला तीन अंशांचा चटका जास्त. या हिशेबाने k मिनिटाला साधारण ०.०५८ निघतो.

आता ६० अंशांना चहा सुखाने पिता येतो आणि ५० च्या खाली तो पाणचट लागतो, असं धरू. (हे माझं मत. वादाला बसायचं तर शेंगाचटणी घेऊन बसू.) मे महिन्यात ८४ वरून ६० ला यायला जवळजवळ चौदा मिनिटं लागतात. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या थंडीत खोली २० अंशांवर असेल, तर त्याच कपाला आठच मिनिटं. पण गंमत पुढे आहे. ६० वरून ५० ला उतरायला जानेवारीत पाच मिनिटं, मे महिन्यात बारा! उन्हाळ्यातला चहा पोळतो खूप वेळ, पण एकदा पिण्याजोगा झाला की तसाच राहतो. तेव्हा यजमानाची घाई जानेवारीतच खरी. तेव्हा गप्पा मारत बसलात तर चहा गेलाच.

बशीची युक्ती k वरच घाव घालते. पसरट बशीत घोटभर चहाला कपातल्यापेक्षा कितीतरी जास्त उघडा पृष्ठभाग मिळतो, म्हणून चौदा मिनिटांचं काम दोन-तीन मिनिटांत होतं. बशीने पिणाऱ्याला नावं ठेवणाऱ्यांनी आधी हा k बघावा. पंखाही k वाढवतो, शिवाय नियमाला प्रामाणिक ठेवतो. न्यूटनने तापलेलं लोखंड एकसारख्या वाऱ्यात ठेवलं होतं ते त्यासाठीच. लाइट गेली की खोलीतला वारा थांबतो, k मध्येच बदलतो आणि तुमचा हिशेब अंधारात जातो. साय धरली तरी तेच होतं: वाफ अडते, k उतरतो. साय चमच्याने बाजूला केली की निवणं परत मार्गी लागतं.

आणि चहा विसरून गेलात तर? सूत्र म्हणतं, ४१ ला यायला तासाच्याही थोडं वर लागेल आणि ४० च्या खाली तो कधीच जाणार नाही. सोलापूरची कोरडी हवा इथे सूत्रालाच कोपरखळी मारते. उघड्या कपातून वाफ जातच राहते, म्हणून चहा खोलीपेक्षाही दोन-चार अंश खाली उतरू शकतो. माठातलं पाणी गार होतं ते याच न्यायाने. हे कळायचं असेल तर शेवटचे आकडे बघा: सूत्राच्या मानाने चहा जास्तच निवत गेलेला दिसेल. उपाय सोपा आहे. तशाच दुसऱ्या कपात साधं पाणी सकाळपासून उघडं ठेवा आणि त्याचं तापमान Tₐ म्हणून घ्या, भिंतीवरच्या थर्मामीटरचं नको. फक्त "माश्या बसायल्यात" म्हणत त्या कपावर कुणी ताटली झाकणार नाही, याकडे लक्ष ठेवा.