काजूच्या कारखान्यात 9 खोकी भरून बघा जरा

ग्रुपवर फिरतंय ते जसंच्या तसं:

"स्ट्रॅटेजीच्या केसला फुल मार्क्स 🔥🔥 1) कंपनी कुठलीही असूदे, व्हॅल्यू चेनची 9 खोकी काढा, प्रत्येकात एक ओळ टाका, झालं. 2) प्रायमरीतनं पैसा येतो, सपोर्ट म्हणजे नुसता खर्च, ते एका ओळीत उडवा. खरेदी-बिरेदी सगळी इनबाउंडमध्ये. 3) कंपनीकडे जे जे भारी दिसेल त्याला रिसोर्स म्हणा आणि व्हीआरआयओच्या चारही रकान्यांत 'हो' लिहा. 4) दोन्ही फ्रेमवर्क एकच आहेत, एक लिहिलं तरी चालतं. सेव्ह करून ठेवा 🙏"

मी कुडाळात बीएमएस आणि एमबीएची पोरं शिकवतो, आणि गेल्या आठवड्यात हे एवढ्या वह्यांत कॉपी झालेलं बघितलं की म्हटलं आता लिहायलाच पाहिजे. उदाहरण आपल्याकडचंच घेऊ, वेंगुर्ल्याच्या बाजूचा एक छोटा काजू कारखाना (काल्पनिक, कोणी आपला शोधू नका). प्रश्न असा समजा: शेजारी आफ्रिकेतनं आयात केलेल्या बीवर चालणारा मोठा कारखाना आलाय, तो स्वस्तात विकतो, तर हा छोटा टिकेल का आणि कशाच्या जोरावर?

आता 9 खोकी. व्हॅल्यू चेन म्हणजे कंपनीची कामं सुटी करून बघायची मांडणी. मायकल पोर्टरने 1985 मध्ये ती दिली तेव्हा 5 प्रायमरी, म्हणजे माल बनवून विकायची थेट कामं, आणि 4 सपोर्ट, म्हणजे त्यांना आधार देणारी कामं, असे भाग केले हे खरंय, पण ती खोकी समान वजनाची आहेत असं त्याने कुठेच म्हटलेलं नाही. तपासायचं असतं ते हे की कुठल्या कामात खर्च जास्त बसतो आणि कुठल्या कामामुळे गिऱ्हाईक जास्त पैसे द्यायला तयार होतं. गिऱ्हाईक जेवढं द्यायला तयार त्यातनं सगळ्या कामांचा खर्च वजा केला की उरतं ते मार्जिन, आणि आकृतीच्या टोकाला जो 'मार्जिन' शब्द असतो (जो पोरं काढायला विसरतात) तो त्यासाठीच. काजू कारखान्यात 'विक्रीनंतरची सेवा' या खोक्यात एक ओळ भरायला गेलात तर "ग्राहकांच्या तक्रारी ऐकल्या जातात" असलं काहीतरी लिहाल, आणि ते बँकेलाही चालतं नि सलूनलाही. ते खोकं सरळ एका वाक्यात सोडून द्या आणि ती जागा ऑपरेशन्सला द्या, कारण या धंद्यात जिंकणं-हरणं तिथेच आहे.

ते कसं ते बघा. बी वाफवायची, कटरवर टरफल फोडून गर काढायचा, गर भट्टीत सुकवायचा, मग साल काढायची, मग ग्रेडिंग. अंदाजे 4 किलो बीला 1 किलो गर पडतो. अख्खा गर वेगळ्या भावाने जातो, पाकळी नि तुकडा खालच्या. आणि अख्ख्यातही डब्ल्यू 320 म्हणजे एका पौंडात साधारण 300 ते 320 गर, डब्ल्यू 240 म्हणजे त्याहून मोठे, त्याला भाव जास्त. म्हणजे त्याच बीतनं, त्याच विजेत, किती गर अख्खे निघाले यावर पैसा ठरतो.

इथून दुसऱ्या मुद्द्याला हात घालतो, कारण माझं खरं भांडण तिथंच आहे.

समजा 100 किलो बीतनं 25 किलो गर निघाला. अख्ख्याचा भाव 800 आणि तुकड्याचा 600 धरू, आकडे फक्त हिशोबापुरते. अख्खा 70 टक्के निघाला तर साडेसतरा किलोचे 14,000 आणि उरलेल्या साडेसातचे 4,500, मिळून 18,500. तेच 85 टक्के अख्खा निघाला तर 17,000 आणि 2,250, मिळून 19,250. फरक 750 रुपये. आता हा फरक येतो कुठून? कटर दोन्हीकडे सारखाच. फरक येतो साल काढणाऱ्या बायकांच्या हातातनं, आणि त्या बायका दरवर्षी त्याच येतात का, नवीन आलेलीला पहिले काही दिवस नुसतं शिकायला बसवतात का, मजुरी फक्त किलोवर आहे की अख्ख्या गराला वेगळा दर आहे, यातनं. हे सगळं काय आहे? ह्यूमन रिसोर्स मॅनेजमेंट, म्हणजे फॉरवर्डवाल्याच्या भाषेत 'नुसता खर्च'. समजा त्यापायी गराच्या किलोमागे 10 रुपये जादा गेले, म्हणजे 250, तरी 100 किलो बीमागे 500 हातात राहिले. सपोर्टचं काम प्रायमरीच्या आत शिरून तिथलं गणित बदलतं, आणि पोर्टर ज्याला लिंकेज म्हणतो ते असल्याच नात्यांना. पेपरात असं एक लिंकेज आकड्यासकट दाखवलंत तर उरलेली सात खोकी रिकामी राहिली तरी माझ्यासारखा तपासणारा खुश होतो.

खरेदीचंही तसंच. इनबाउंड लॉजिस्टिक्स म्हणजे आलेला माल उतरवणं, वाळवणं, गोदामात ठेवणं, साठ्याचा हिशोब. खरेदी म्हणजे प्रोक्युअरमेंट, ते सपोर्टमध्ये बसतं, कारण खरेदीचं काम फक्त बीपुरतं नसतं, कटरची पाती, पॅकिंगचे डबे, ऑफिसचा प्रिंटर, सगळ्याला लागतं. वेगळं काढल्याने काय फरक पडतो म्हणाल तर हे बघा. मे अखेरीस पावसाची चाहूल लागली की शेतकरी ओलसर बी घेऊन येतो आणि 120 ऐवजी 110 ला देतो. खरेदीवाला खुश, स्वस्तात मिळाली. पण त्या बीत ओल 18 टक्के आहे आणि ठेवायला ती 9 टक्क्यांवर आणायची आहे, म्हणजे 100 किलोचे वाळून 90 किलोच राहतात, आणि किलोला पडतात साधारण 122 रुपये. सुकी बी 120 ला घेतली असती तर स्वस्त पडली असती! शिवाय ओली बी तशीच गोदामात गेली तर बुरशी, आणि कटिंगला गर टरफलाला चिकटून कापला जातो. एका कारखान्यात साल काढणाऱ्या एक आजी मला म्हणाल्या होत्या, "बी नीट सुकाक नाय तर गर फुटतलोच." खरेदी, इनबाउंड, ऑपरेशन्स अशी तीन खोक्यांची साखळी त्यांनी एका वाक्यात सांगितली. दोन्ही खोकी एकत्र कोंबलीत तर खरेदीत वाचलेले 10 रुपये वाळवणीत कसे गेले हे दिसतच नाही.

(जाता जाता, 'फर्म इन्फ्रास्ट्रक्चर' म्हणजे शेड, बोअरवेल आणि रस्ता नव्हे. तिथे मॅनेजमेंट, हिशोब, फायनान्स, कायद्याची कामं येतात. दर वर्षी निम्म्या पेपरात शेड असते.)

आता व्हीआरआयओमध्ये चार वेळा 'हो'. रकाने असे: रिसोर्स उपयोगी आहे का, दुर्मीळ आहे का, नक्कल करायला महाग आहे का, आणि त्याचा फायदा उचलायचं संघटन कंपनीकडे आहे का. बार्नी या अभ्यासकाने 1991 च्या पेपरात आणि त्यानंतर रिसोर्सला लावलेल्या अटी या चाळण्या आहेत, म्हणजे बहुतेक गोष्टी गळून पडायलाच पाहिजेत. सगळंच वर राहिलं तर चाळणी फाटलेली आहे. आपल्या कारखान्याच्या तीन गोष्टी लावून बघू.

नवा कटिंग मशीनचा सेट: उपयोगी आहे, हो. दुर्मीळ? ज्याच्याकडे पैसे आहेत तो उद्या ऑर्डर देतो. इथेच थांबायचं, निकाल म्हणजे बरोबरी. नसेल तर मागे पडाल, असला म्हणून पुढे जाणार नाही.

वेंगुर्ला काजूचं जीआय मानांकन: इथे मुलं हमखास चार 'हो' देतात. पण जीआय एका कारखान्याचं नसतं, त्या भागातले नोंदणी केलेले सगळेच ते वापरू शकतात. त्यामुळे उत्तर 'कोणाच्या तुलनेत' यावर अवलंबून आहे. आयात बीवाल्याच्या तुलनेत ते दुर्मीळ आहे, त्याला आफ्रिकेच्या बीवर ते नाव लावता येणार नाही. पण शेजारच्या गावातल्या नोंदणीवाल्या कारखान्याच्या तुलनेत काहीच दुर्मीळ नाही. प्रतिस्पर्धी कोण ते न लिहिता रकान्यात हो की नाही लिहिणं म्हणजे वजन न करता भाव सांगणं.

तिसरी गोष्ट, बागायतदारांशी असलेलं नातं. समजा मालकाचे वडील वीसेक वर्षं त्याच वाडीतनं बी घेतायत, हंगामाआधी उचल देतात, वजनात कधी काटा मारला नाही, पडत्या भावातही शब्द फिरवला नाही. म्हणून वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 अशी मोठी, चांगल्या गराची बी पहिली इथे येते. उपयोगी, दुर्मीळ, आणि नक्कल करायला महाग, कारण मोठ्या कारखान्याने किलोला 5 रुपये जास्त दिले तरी वीस वर्षं त्याला दोन वर्षांत विकत मिळत नाहीत. बार्नी नक्कल अवघड असण्याची कारणं सांगतो त्यातली दोन इथे सरळ लागू पडतात, इतिहास आणि माणसांमधलं गुंतागुंतीचं नातं. कारण लिहा, नुसतं 'हो' नको.

मग शेवटचा रकाना, संघटन, आणि तिथे माझं उत्तर 'नाही' आहे. कारण हाच मालक ती निवडक बी बाहेरून आणलेल्या बीत मिसळतो, एकत्र फोडतो आणि सगळा गर बिननावाच्या डब्यात मुंबईच्या व्यापाऱ्याला एकाच भावाने देतो! फायदा हातात आहे पण उचललेला नाही. लॉट वेगळे ठेवणं, अख्खा मोठा गर स्वतःच्या नावाने विकणं हे केल्याशिवाय टिकाऊ फायदा लिहायचा नाही.

आणि एक सापळा. "हा रिसोर्स मौल्यवान आहे कारण कंपनी फायद्यात आहे" असं लिहू नका, कारण मग कंपनी फायद्यात का तर रिसोर्स मौल्यवान म्हणून, आणि तुम्ही गोल फिरत बसता. आरबीव्हीवर, म्हणजे व्हीआरआयओ ज्यातनं आलं त्या रिसोर्स-बेस्ड व्ह्यूवर, अभ्यासकांचीच ही जुनी टीका आहे. सुटका व्हॅल्यू चेनमध्ये आहे: मौल्यवान म्हणजे कुठल्या कामाचा खर्च किती कमी झाला किंवा कुठे भाव किती वाढला ते दाखवा, जसं वर 750 दाखवले.

चौथ्या मुद्द्याचं उत्तर त्यातच आलं. व्हॅल्यू चेन सांगते पैसा कुठल्या कामात तयार होतो, आरबीव्ही सांगते शेजाऱ्याला तेच का जमत नाही. फक्त पहिलं लिहिलंत तर साल काढणाऱ्या बायकांचा कसब हा मोठा फायदा म्हणून लिहून मोकळे व्हाल, कारण 750 तिथेच दिसतात. पण साल काढायची मशीनं बाजारात आहेत, आणि त्यांची तुटफूट हाताच्या जवळ आली की तो कसब दुर्मीळ असूनही पर्यायाने मारला जातो, शिवाय त्या बायका शेजारच्या कारखान्यात रोज 50 रुपये जास्त मिळाले तर जाऊ शकतात, त्या काही कारखान्याच्या मालकीच्या नाहीत. म्हणून 'टिकेल का' या प्रश्नाला माझं उत्तर असं: कसबावर दोन-चार हंगाम, बागायतदारांच्या नात्यावर त्याहून बरंच जास्त, पण लॉट वेगळे ठेवायला सुरुवात केली तरच.