शेणपाण्याचा तो फॉरवर्ड: जितका वास, तितकी पावर?

"ताजं शेण नाहीतर वाळलेली पानं पाण्यात टाका, झाकण घट्ट लावून २० दिवस सडवा. जितका वास उग्र तितकं खत पावरफुल. पाणी न मिसळता कुंडीत टाका, उन्हाळ्यात डबल द्या. फुलंच फुलं!"

नागपूरच्या अर्ध्या गच्च्यांवर सध्या हेच चालू आहे, म्हणून एकेक घेतो.

आधी वास. बादलीतून दोन प्रकारचे वास येतात आणि दोन्ही तक्रारीचेच आहेत राजेहो. सडक्या अंड्यासारखा आला तर आत हवा नाही, बिनहवेचे जंतू माजले. आणि नाकात झणकन जाणारा, मुतारीसारखा आला तर तो अमोनिया, म्हणजे ज्या नत्रासाठी एवढा उपद्व्याप केला तेच उडून चाललंय, शेजाऱ्यांच्या खिडकीत. चांगल्या शेणपाण्याला गोठ्यासारखा, थोडा आंबूस वास असतो, बादलीजवळ वाकल्यावरच येतो.

घट्ट झाकणामुळेच तर हवा बंद होते, वरून गॅस साठून झाकण उडतं ते वेगळंच. झाकण नको, सुती कापड किंवा गोणपाट बांधा आणि कडेनं सुतळी गच्च आवळा, नाहीतर त्यात डासांची पैदास होते. सकाळ-संध्याकाळ काडीनं तळापर्यंत ढवळायचं, दोन मिनिटं पुरे. बादली सावलीत ठेवा. वास बिघडलाच तर एक-दोन दिवस जास्त वेळा ढवळून बघा, अंड्याचा वास बहुतेक वेळा तेवढ्यानंच बसतो. त्यावर गूळ टाकून राहिले लोक, पण गूळ म्हणजे जंतूंचं खाणं, आत हवा नसेल तर वास आणखी वाढतो.

आता २० दिवस. हा आकडा कुठल्या गावच्या हवेचा आहे देव जाणे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, तेव्हा बादली ३-४ दिवसांत तयार होते, डिसेंबरच्या थंडीत ८-१० दिवसही लागतात. दिवस मोजू नका, फेस बघा. आधी ढवळलं की बुडबुडे येतात, वर फेसाचा थर चढतो, मग तो बसतो आणि ढवळूनही फारसा येत नाही, तेव्हा झालं समजा. नंतर आठवडाभरात संपवून टाका.

खरं नुकसान होतं ते पाणी न मिसळता टाकल्यानं. समजा बाल्कनीत १२ इंची कुंडीत मोगरा आहे. १० लिटरच्या बादलीत अर्धा किलो शेण आणि ५ लिटर पाणी, वरची जागा फेसाला मोकळी. तयार झालं की जुन्या ओढणीतून गाळा. त्यातलं एक मग घ्या आणि दहा मग साधं पाणी मिसळा, रंग बिनदुधाच्या फिक्या चहासारखा यायला हवा, गडद वाटला तर अजून पाणी. मोगऱ्याला आधी नुसतं पाणी द्या, माती ओली झाली की हे अर्धा लिटर, संध्याकाळी, १५ दिवसांतून एकदा. बस.

तसंच घट्ट ओतलं तर क्षार आणि अमोनिया मुळांना भाजतात, शेतात ते इकडे-तिकडे पसरतं, कुंडीत जाईल कुठं? पानांच्या कडा तपकिरी होतात, माती ओली असूनही झाड मान टाकतं, कधी मातीवर पांढरी पापडी दिसते. असं झालं तर खालच्या भोकातून भरपूर पाणी निघेपर्यंत साधं पाणी द्या, थोड्या वेळानं परत एकदा, आणि महिनाभर खत बंद.

उन्हाळ्यात डबल? उलटं आहे बाप्पा. नवतपात झाड जगायच्या धडपडीत असतं, वाढ मंदावलेली, आणि कुंडीतलं पाणी भराभर उडालं की मागे क्षारच उरतात. तेव्हा आणखी पातळ द्या, एकाला वीस, नाहीतर सरळ थांबा. ऑगस्टच्या झडीतही नको, सगळं भोकातून वाहून जातं.

पानांचं म्हणाल तर वाळलेल्या पानांत नत्र अगदी कमी, कडुनिंबाची फेब्रुवारी-मार्चमधली पानगळ भिजवली तर तपकिरी पाणी मिळतं, खत नाही. ती कंपोस्टात टाका. पाण्यात सडवायची तर हिरवी, कोवळी पानं घ्या, शेवग्याची किंवा गिरीपुष्पाची, अर्धी बादली भरून वर पाणी. ढवळणं, गाळणं, पातळ करणं तेच, फक्त वास शेणापेक्षा जास्त मारतो.

एक गोष्ट त्या फॉरवर्डमध्ये नव्हतीच: पालक-कोथिंबिरीच्या कुंडीत हे देऊ नका. शेणातले जंतू आठवडाभर आंबवून मरतीलच असं नाही, आणि कोथिंबीर तर आपण कच्चीच खातो. गाळून उरलेला चोथाही कुंडीवर थापू नका, वाळला की त्याची खपली बनते आणि पाणी आत मुरत नाही, तो पण कंपोस्टातच.