भेटू या ना, नक्की भेटू या!

सर्वप्रथम तुमचं अभिनंदन. डेटिंग ॲपवर तुम्हाला असा एक माणूस सापडला आहे, जो सकाळी उठल्या उठल्या तुमची आठवण काढतो, दुपारी कंटाळा आल्याचं कळवतो, रात्री साडेबारापर्यंत लहानपणीच्या गोष्टी सांगतो आणि मध्येच ‘तुझ्याशी बोलताना वेळ कसा जातो कळतच नाही’ असंही म्हणतो. एवढं सगळं पदरात पडलेलं असताना तुम्हाला त्याला भेटायचंही आहे? हावरटपणाची कमाल आहे.

असो. तुमच्यासारखे हट्टी लोक मी पाहिले आहेत, मीही त्यातलीच. म्हणून हे नाजूक नातं कुठल्याही प्रत्यक्ष भेटीचा धोका न पत्करता वर्षानुवर्षं कसं टिकवावं, याबद्दल अनुभवाचे चार शब्द.

पहिलं पथ्य असं, की भेटीचा विषय काढायचाच झाला तर ‘कधीतरी’ या शब्दाला धरून काढावा. ‘कधीतरी भेटायला हवं यार’ हे वाक्य फारच सोयीचं. त्यावर समोरून ‘हो ना, नक्की!’ येतं, पुढे एक हसरा चेहरा येतो आणि दोघांनाही आज काहीतरी घडल्यासारखं वाटतं. चुकूनही असं विचारू नका: ‘शनिवारी संध्याकाळी 5 वाजता, बागेच्या मोठ्या गेटापाशी, तासभर. जमेल?’ या प्रश्नात वार आहे, वेळ आहे, जागा आहे आणि वर तासाभरात सुटका होईल अशी हमीही आहे. असल्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. आणि उत्तर आलं की सगळं उघडं पडतं.

कसं, ते सांगते. ज्याला यायचंच आहे पण शनिवारी जमत नाही, तो माणूस म्हणतो, ‘शनिवारी नाही गं, मंगळवारी संध्याकाळी चालेल का?’ नकार देतानाच तो दुसरा वार तुमच्या हातात ठेवतो. ज्याला यायचं नाही, तो फक्त शनिवार काढून घेतो. ‘अगं, या शनिवारी जरा कठीण आहे,’ आणि पूर्णविराम. बाकी कारण कितीही हृदयद्रावक असो, फरक एवढाच. म्हणून कारणं तपासत बसावीत, दुसरा वार आला का हे मात्र पाहू नये. पाहिलंत तर दोन-तीन खेपांतच निकाल लागेल आणि मग रात्री साडेबारापर्यंत काय करणार?

माझं स्वतःचं उदाहरण देते. आमच्या गप्पा सुरू होऊन 52 दिवस झाले होते तेव्हा मी पहिल्यांदा वार घालून विचारलं. उत्तर आलं, ‘अरे वा! मस्तच! बघतो.’ या ‘बघतो’वर मी तीन दिवस काढले. शुक्रवारी रात्री कळलं की त्याच्या घरी अचानक पाहुणे येणार आहेत. पुढच्या वेळी ऑफिसचं काम निघालं, त्याच्या पुढच्या वेळी घसा बसला, मग मित्राला घर बदलायला मदत करायची होती, आणि पाचव्या वेळी ‘मूडच नाहीये गं, तुला असा चेहरा नाही दाखवायचाय.’ हे पाचवं मला इतकं आवडलं की मीच त्याची समजूत घातली.

यातलं एकही कारण खोटं असेल असं मला आजही वाटत नाही. घसा खरंच बसला असेल. तसा त्याने व्हॉइस मेसेजही पाठवला होता. पण एका रिकाम्या रविवारी मी नको तो उद्योग केला. आमच्या चॅटमध्ये ‘नक्की’ हा शब्द सर्च केला. 38 वेळा सापडला, त्यातला 33 वेळा त्याचा. मग ‘शनिवार’ सर्च केला. 11 वेळा. अकराच्या अकरा वेळा मीच टाइप केलेला. तुम्हाला सुखाने नांदायचं असेल तर हे सर्चचं भिंगाचं चिन्ह दिसलं तरी तिकडे बोट नेऊ नका.

आता यातली खरी गोडी. भेट रद्द झाली की त्या रात्री गप्पांना जो बहर येतो, तो एरवी येत नाही. त्याला अपराधी वाटत असतं, तुम्ही दुखावलेल्या असता, मग तो जास्त वेळ देतो, जास्त मनातलं बोलतो, ‘तू समजून घेतेस म्हणून’ वगैरे म्हणतो. ज्या शनिवारी मी पाच वाजता बागेपाशी असायला हवी होते, त्या शनिवारी आम्ही रात्री पावणेतीनपर्यंत बोललो. म्हणजे तोटा कुठे झाला? बी. एफ. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारली की दर वेळी दाणा मिळत नाही, कधी मिळेल याचा नेम नाही, अशी व्यवस्था केली की कबुतर चिकाटीने चोच मारत राहतं. पुढे दाणे बंद झाले तरी लवकर थांबत नाही. आपण तर शिकलेली माणसं, आपल्याकडून निदान कबुतराइतकी चिकाटी अपेक्षित आहे.

शिवाय भेटून करणार काय? लेखी गप्पांमध्ये माणूस किती छान असतो याचा विचार करा. उत्तर द्यायला त्याला वेळ असतो, लिहिलेलं खोडता येतं, रागावलेला चेहरा दिसत नाही. जे दिसत नाही ते आपण आपल्या मनाने भरतो, आणि भरताना हात सढळ ठेवतो. जोसेफ वॉल्थर या संवादशास्त्राच्या अभ्यासकाने 1996 मध्ये हे नीट मांडून ठेवलं आहे: पडद्याआडची ओळख कधीकधी समोरासमोरच्या ओळखीपेक्षाही जवळची वाटते, ती याच कारणांमुळे. आमच्या या गृहस्थांना माझ्या मनात एक शांत हसणं होतं, रस्ता ओलांडताना हलकेच थांबण्याची सवय होती. यातलं त्यांनी काहीही पुरवलेलं नव्हतं. सगळी मेहनत माझी.

उगाच कुणी सांगेल की लवकर भेटावं. 2015 मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी ऑनलाइन ओळख होऊन पुढे प्रत्यक्ष भेटलेल्या लोकांना प्रश्न विचारले. थोड्या काळात भेटलेल्यांपेक्षा बराच काळ नुसतं लिहीत राहून मग भेटलेल्यांचा अनुभव फिका निघाला, कारण मनातलं चित्र फार रंगवून झालेलं होतं. यातून शहाण्याने काय घ्यावं? की फार उशीर झालेलाच आहे, आता कशाला भेटायचं.

मधला एक धोका म्हणजे व्हिडिओ कॉल. ‘भेटायचं राहू दे, दहा मिनिटं व्हिडिओवर बोलू या’ हा प्रस्ताव दिसायला साधा, पण फार घातक. याला ना प्रवास लागतो, ना सुट्टी, ना पाहुणे आडवे येतात. त्यामुळे कारणांचा साठा एकदम आटतो. मी विचारलं तेव्हा त्यांचा कॅमेरा बिघडलेला होता. त्याच संध्याकाळी त्यांनी खिडकीतून दिसणाऱ्या सूर्यास्ताचा फोटो पाठवला. फार सुंदर होता, आणि ढगांच्या कडा कशा स्पष्ट आल्या होत्या! मी कॅमेऱ्याबद्दल काही बोलले नाही. असं वातावरण बिघडवायचं नसतं.

इथे एक गोष्ट उपरोध बाजूला ठेवून सांगते, नाहीतर उगाच कुणावर अन्याय होईल. काही माणसं खरंच बुजरी असतात, काहींना अनोळखी माणसाला भेटायची भीती वाटते, आणि ती रास्त आहे. पण भीती वाटणारा माणूस अटी घालतो. ‘दिवसा भेटू, गर्दीच्या ठिकाणी, मी मैत्रिणीला सांगून येईन, आधी एकदा फोनवर बोलू.’ त्या अटींत भेट शिल्लक असते. आणि ज्याला फक्त गप्पाच हव्या आहेत, त्याने तसं सरळ सांगितलं तर तोही गुन्हा नाही. सांगत नाही, एवढीच तक्रार.

आणखी एक जात आहे. तो भेटायला भलताच उत्सुक असतो, फक्त तिकिटाचे पैसे तेवढे कमी पडतात. किंवा निघता निघता अपघात होतो, खातं गोठतं, सामान कुठेतरी अडकतं. व्हिडिओवर तो कधीच येत नाही, ओळख झाल्या झाल्या ॲप सोडून दुसरीकडे बोलायला नेतो, आणि दुसऱ्या आठवड्यातच आयुष्यभराची वचनं देतो. तुम्हाला भेटीपासून कायमचं वाचायचं असेल तर यांना पैसे पाठवणं हा खात्रीचा मार्ग. एकदा पाठवले की दुसरी अडचण येते, मग तिसरी. भेट तेवढी येत नाही.

आमचे गृहस्थ त्यातले नव्हते. त्यांनी माझ्याकडे कधी एक पैसाही मागितला नाही, फक्त रात्री मागितल्या. कुणीतरी ऐकणारं असावं एवढीच त्यांची गरज होती आणि ती घरबसल्या भागत होती. भागलेल्या गरजेसाठी कपडे बदलून बाहेर कोण पडतं?

एवढं सगळं कळूनही माझ्या हातून शेवटी पाप घडलंच. मी लिहिलं, ‘तुझ्याशी बोलायला मला आवडतं, पण मला भेटायचं आहे. तुला जमणारा एक वार सांग. नसेल सांगायचा तरी चालेल, मग मी रोज बोलणार नाही.’ दोन निळ्या खुणा आल्या. बऱ्याच वेळाने, ‘तू आज अशी का बोलतेयस?’ मी काही लिहिलं नाही. सकाळचं ‘गुड मॉर्निंग’ही माझ्याकडून गेलं नाही. पहिले चार दिवस वाईट गेले, हे कबूल करते. हात आपोआप फोनकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. नंतर रात्री साडेदहाला झोप येऊ लागली, ही एक नवीच अडचण.

तीन आठवड्यांनी तो परत आला. ‘गायबच झालीस! आठवण येते गं. या वेळी खरंच भेटू या, नक्की.’

मी लिहिलं, ‘गुरुवारी 6 वाजता, बागेच्या मोठ्या गेटापाशी?’

वरती ‘टायपिंग…’ दिसलं. थांबलं. पुन्हा दिसलं. बराच वेळ दिसत राहिलं, मला वाटलं काहीतरी मोठं येतंय.

‘जेवलीस का?’