ह्युएन त्सांगच्या वहीत तारखा नाहीत

फिरत असलेला दावा: «ह्युएन त्सांग 629 साली चीनहून निघाला. तो श्रीलंकेला जाऊन आला, 641 साली बदामीला पुलकेशीच्या दरबारात पाहुणा म्हणून राहिला आणि त्याने अजिंठा पाहिला. हे सगळं त्याने स्वतःच्या प्रवासवर्णनात तारखांसह लिहून ठेवलंय.»

सुरुवात शेवटच्या वाक्यापासून करू, कारण बाकीचा सगळा भार त्याच्यावर आहे. 646 साली पूर्ण झालेलं हे प्रवासवर्णन देशवार रचलेलं आहे. प्रत्येक देशाचा परीघ, राजधानी, हवामान, लोक, विहार आणि पुढच्या देशाची दिशा व अंतर त्यात मिळतं. ही रचना चिनी सम्राटासाठी होती आणि त्याला पश्चिमेकडच्या राज्यांची माहिती हवी होती. कुठल्या महिन्यात कुठे पोचलो, याला त्यात जागा नव्हती. वर्षांचे धागे मिळतात ते मुख्यतः त्याच्या शिष्याने, हुइलीने, लिहायला घेतलेल्या चरित्रात: कुठे दोन महिने, कुठे दोन वर्षं मुक्काम, असे. म्हणजे आज आपण जी सालं लिहितो ती या मुक्कामांची बेरीज करून काढलेली आहेत.

निघण्याचं साल घ्या. 629 हे साल हवेतून आलेलं नाही. प्रवासवर्णनाचा उपसंहार आणि चरित्र, दोन्ही सम्राटाच्या राजवटीचं तिसरं वर्ष सांगतात आणि ते 629 येतं. तरी ते पक्कं मानता येत नाही. चरित्रात तो आठव्या महिन्यात निघतो. त्याच चरित्रात त्याचा परतीच्या वाटेवर मध्य आशियातल्या खोतानहून सम्राटाला पाठवलेला अर्ज उतरवलेला आहे, त्यात मात्र चौथा महिना आहे. हा अर्ज 644 सालचा आणि त्यात तो म्हणतो की सतरा वर्षं फिरलो. 629 पासून दोन्ही टोकं धरून मोजलं तरी 644 पर्यंत सोळाच होतात.

दुसरी अडचण मध्य आशियात आहे. सुयाब येथे, म्हणजे आजच्या किर्गिझस्तानात, तो पश्चिमी तुर्कांच्या खानाला भेटला. हा खान म्हणजे तोंग याबगू असं बहुतेक अभ्यासक धरतात आणि त्याचा खून बरेच जण 628 मध्ये ठेवतात. आता चालून पाहा. 629 च्या आठव्या महिन्यात चीनची राजधानी छांगआन सोडली, पश्चिम चीनमधली हशीची पट्टी आणि वाळवंट पार केलं, गाओछांगच्या राजाने महिनाभराहून जास्त अडवून ठेवलं, बर्फामुळे कुचाला दोन महिन्यांहून अधिक काढावे लागले, मग हिमपर्वताची खिंड ओलांडली. एवढं होईपर्यंत 630 चा वसंत उजाडतो. खान 628 मध्ये मेला असेल तर भेट होणं शक्य नाही. म्हणून लियांग छीछाओसारख्या चिनी अभ्यासकाने निघण्याचं साल 627 धरलं. काही जण खुनाचं साल पुढे नेतात, काही म्हणतात की भेटलेला खान त्याचा मुलगा होता. मला 627 अधिक पटतं, कारण सतरा वर्षांचा हिशेबही त्याच बाजूला झुकतो.

महाराष्ट्राचं साल याने हलत नाही. ते दुसऱ्या टोकाकडून मोजायचं असतं. 645 च्या आरंभी तो छांगआनला परतला, 644 चा बराच काळ खोतानला होता, आणि कनौजची धर्मसभा व प्रयागचं दान साधारण 643 च्या आरंभीचं. त्याआधी मगधात जयसेन नावाच्या आचार्यांकडे दोन वर्षं आणि त्याच्याही आधी मुलतानच्या ईशान्येच्या पर्वत देशात दोन वर्षं काढल्याचं चरित्र सांगतं. महाराष्ट्रातून तिथवरची गुजरात-सिंधची वाट म्हणजे आणखी एक वर्ष तरी. पूर्ण वर्षं धरून मागे गेलं की 638 च्या आसपास पोचतो. 641 हवं असेल तर ही ‘दोन वर्षं’ अर्धवट मोजावी लागतात. चिनी गणतीत ते चालतंही, पण मग ती आपली निवड आहे हे सांगायला हवं. पुलकेशी दुसरा साधारण 610 ते 642 गादीवर होता, त्यामुळे त्याच्या नावाने दोन्ही सालांत फरक करता येत नाही.

श्रीलंकेचा प्रश्न मात्र सरळ सुटतो. ग्रंथात त्या देशाचं वर्णन आहे, म्हणून लोक तो गेला असं मानतात. ग्रंथाचा उपसंहारच सांगतो की स्वतः चालून पाहिलेले देश एका शब्दाने नोंदले आहेत आणि ऐकीव देश दुसऱ्या शब्दाने. प्रस्तावनेत हिशेब आहे: 110 पाहिलेले, 28 ऐकलेले. प्रत्यक्षात बऱ्याच नोंदींत दोन्ही शब्द येतात, त्यामुळे एवढ्यावर भागत नाही आणि चरित्र शेजारी ठेवावं लागतं. तिथे उत्तर आहे. कांचीपुरात त्याला सिंहलहून आलेले सुमारे तीनशे भिक्षू भेटले. सिंहलचा राजा मेला होता आणि तिथे दुष्काळ पडला होता. म्हणून ह्युएन त्सांग समुद्र न ओलांडता वायव्येला कोंकणपूरकडे वळला.

कोंकणपूरहून घनदाट अरण्यातून, ली या चिनी मापाने 2400-2500 ली चालून, तो महाराष्ट्रात आला. राजधानीचं नाव तो देत नाही. फक्त तिच्या पश्चिमेला मोठी नदी आहे एवढं सांगतो. बदामीच्या बाजूने एकच गोष्ट बोलते: ती चालुक्यांची राजधानी होती. पण मलप्रभा बदामीपासून काही किलोमीटर दूर वाहते, आणि अंतर तर अजिबात जमत नाही. महाराष्ट्राच्या या राजधानीहून हजारहून थोडे अधिक ली जाऊन, नर्मदा ओलांडून भरुच येतं असं तो लिहितो. ली किती लांब, हे माहीत असलेल्या जोडीवरून काढता येतं: कुशिनगर ते वाराणसी त्याने पाचशेहून थोडे जास्त ली दिलेत आणि सरळ रेषेत ते सुमारे 180 किलोमीटर आहे. त्या मापाने हजार ली म्हणजे साधारण 360 किलोमीटर. बदामी ते भरुच सरळ रेषेतच 700 किलोमीटर भरतं. नाशिक ते भरुच 200 च्या आसपास आहे, तेही कमीच. त्याचे आकडे ढोबळ असतात, म्हणून शिलालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी सुचवलेलं नाशिक टिकू शकतं. बदामीसाठी मात्र आकडा दुप्पट ताणावा लागेल.

दरबारातल्या पाहुणचाराचा तर मागमूसही नाही. पुलकेशीचं नाव आहे, हर्षाला त्याला जिंकता आलं नाही हे आहे, लढाईआधी हत्तींना मद्य पाजतात आणि हरलेल्या सेनापतीला बाईचे कपडे देतात हेही आहे. पण हर्षाशी किंवा कामरूपच्या भास्करवर्म्याशी झालेल्या भेटी तो आणि हुइली ज्या बारकाईने सांगतात, तसं एक वाक्यही इथे सापडत नाही. अशी भेट झाली असती तर शिष्याने ती वगळली असती, हे पटत नाही.

अजिंठ्याचं मी थोडं अडखळत सांगतो. पूर्व सीमेवरच्या डोंगरातला विहार, दाराबाहेर दोन्ही बाजूंना दगडी हत्ती, भिंतींवर बोधिसत्त्वाचे प्रसंग: वर्णन तिथलंच आहे आणि सोळाव्या लेण्याच्या दाराशी हत्ती आजही आहेत. पण सत्तर फुटांहून उंच दगडी बुद्ध आणि त्यावर आधाराशिवाय तरंगणारी सात छत्रं तिथे नाहीत. पाहणाऱ्याचा तपशील आणि ऐकणाऱ्याचं आश्चर्य एकाच परिच्छेदात आलं आहे. भिक्षूंकडून ऐकून लिहिलं असावं, असं मला वाटतं.