स्लॉट चार, टिक मात्र दोनवरच

रॅम वाढवायची म्हटलं की असा सल्ला कानावर येतो: "क्यूव्हीएल म्हणजे मदरबोर्ड कंपन्यांची जाहिरात. स्लॉटमध्ये बसली की रॅम चालते. मॅन्युअलमध्ये कमाल १२८ जीबी लिहिलंय ना, मग आत्ता दोन स्टिक घ्या, पैसे आले की तशाच आणखी दोन घाला. स्पीड तोच मिळतो."

जाहिरातीचं आधी. क्यूव्हीएल म्हणजे मदरबोर्ड कंपनीने त्या बोर्डावर लावून तपासलेल्या रॅमची यादी. यात तथ्य एवढंच, की यादीत नसलेली रॅमही पुष्कळदा बिनबोभाट चालते, कारण बोर्ड कंपनी बाजारातल्या मोजक्याच स्टिक लावून बघते. पण जाहिरातीत कुणी स्वतःची उणी बाजू छापत नाही. या यादीत ती असते. मॉडेल नंबर, क्षमता, स्पीड अशा रकान्यांनंतर शेवटी १, २, ४ असे रकाने येतात. तेवढ्या स्टिक लावून चाचणी पास झाली असेल तर तिथे टिक. लोक मॉडेल नंबर सापडला की पान बंद करतात. खरी माहिती त्या शेवटच्या रकान्यांत असते.

स्लॉटमध्ये बसण्याबद्दल जुन्या बाजारातलं उदाहरण घ्या. इंटेल जी४१ चिपसेटचे डीडीआर३ बोर्ड अजून सेकंडहँड मिळतात. दोन स्लॉट, कमाल ८ जीबी, म्हणजे ४ जीबीच्या दोन स्टिक. पण हा चिपसेट २ गिगाबिटपर्यंतच्या चिपच ओळखतो. तशी एक चिप २५६ एमबीची, म्हणून ४ जीबीला १६ चिप लागतात. नंतर आलेल्या ४ जीबी स्टिकवर दुप्पट घनतेच्या आठच चिप असतात. खाच तीच, स्टिक अगदी व्यवस्थित बसते; आणि मशीन एकतर सुरूच होत नाही, नाहीतर क्षमता अर्धी दाखवतं. तेव्हा अशा बोर्डासाठी रॅम घेताना दुकानातच चिप मोजा. दुकानदार हसला तर हसू द्या.

कमाल आकडा मात्र नेहमीच असा दगडावरची रेघ नसतो. बरेचदा तो छपाईच्या वेळी मिळणारी सर्वांत मोठी स्टिक गुणिले स्लॉट, एवढाच असतो. झेड३९० बोर्ड २०१८मध्ये ६४ जीबी सांगत आले. ३२ जीबीच्या स्टिक आल्यावर बायॉस अपडेटनंतर तेच बोर्ड १२८ घेऊ लागले. डीडीआर५मध्ये ४८ जीबीच्या स्टिक आल्या तसा १२८चा आकडा कित्येक बोर्डांवर १९२ झाला. म्हणून मॅन्युअलसोबत सपोर्ट पानावरची बायॉसची यादीही वाचावी, आणि अपडेट जुनी रॅम लावलेली असतानाच करून घ्यावं.

आता "आणखी दोन घाला". माझ्या भाच्याने नेमकं हेच केलं. रायझन ७६००, चार स्लॉटचा बी६५० बोर्ड, १६ जीबीच्या दोन स्टिक, ६०००च्या. वर्षभर मशीन छान चाललं. मग त्याच मॉडेलचा दुसरा जोड आणून लावला. पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळी राहिली. ते ट्रेनिंग असतं, म्हणजे बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेत असतो; घाबरून बटण दाबायचं नाही. पण EXPO, म्हणजे रॅम तिच्या खोक्यावरच्या वेगाने चालवणारी बायॉसमधली सेटिंग, चालू केलं की मशीन उठेचना. EXPO बंद केल्यावर उठलं, तेव्हा त्याला विंडोजच्या पॉवरशेलमध्ये हे चालवून बघायला सांगितलं:

```
Get-CimInstance Win32_PhysicalMemory | Select PartNumber, ConfiguredClockSpeed
```

चारही ओळींत ३६००.

"मामा, रॅम खराब निघाली का?" नाही. एएमडीने या प्रोसेसरसाठी जाहीर केलेला वेग दोन स्टिकना ५२०० आणि चार स्टिकना ३६०० असा आहे. ६००० हे मुळात ओव्हरक्लॉकिंग, आणि या बोर्डावर या जोडाने ते पेललं याचा पुरावा फक्त क्यूव्हीएलमध्ये मिळतो. त्या यादीत त्याच्या स्टिकपुढे २च्या रकान्यात टिक होती, ४चा रकाना कोरा. प्रोसेसरपासून रॅमपर्यंत जाणारे मार्ग, म्हणजे चॅनेल, दोनच असतात. चार स्टिक म्हणजे एकेका चॅनेलच्या तारांवर दोन-दोन स्टिकचा भार, आणि त्या वेगाला सिग्नल स्वच्छ राहत नाही. शिवाय मॉडेल नंबर तोच असला तरी वर्षभराने आतली चिप बदललेली असू शकते. एकत्र तपासलेला असतो तो एका खोक्यातला जोड, दोन खोक्यांतला चौकडा नव्हे.

आधीच ३२च्या दोन घेतल्या असत्या तर तेवढीच ६४ जीबी झाली असती. शेवटी त्याने दोन्ही जोड विकले आणि २च्या रकान्यात टिक असलेला ३२चा जोड प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावला. EXPO चालू, रॅम तपासणारा MemTest86 रात्रभर, एकही चूक नाही. ज्याला १२८ किंवा १९२ जीबी खरोखरच लागते, त्याने चारही स्लॉट भरावेत. फक्त ३६००च्या हिशोबाने भरावेत आणि ६०००च्या रॅमचे जादा पैसे मोजू नयेत.