एक कोटी शहाऐंशी लाखांचा आठवडा

ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी, आमच्या कारखान्याच्या मासिक आढावा बैठकीत, ३४ सहकाऱ्यांच्या साक्षीने मी जुलैचा मालवाहतुकीचा खर्च १ कोटी ८६ लाख रुपये झाल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात तो ९३ लाख होता. हिशेब खात्यात बावीस वर्षे काढलेल्या माणसाची बेरीज चुकणे म्हणजे आचाऱ्याच्या हातून पाणी करपण्यासारखे आहे. तरीही तेवढ्यावर भागले असते, तर पुढचा आठवडा मला इतका जड गेला नसता. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून "एवढा कसा काय वाढला?" असे विचारले, तेव्हा ‘पाहून सांगतो’ हे दोन शब्द, ज्यांनी मला आजवर पगाराच्या खालोखाल सांभाळले आहे, नेमके त्या क्षणी आठवले नाहीत. मी कारणे दिली. बोर घाटात पावसामुळे अडकून पडलेले ट्रक, त्यांच्या मालकांनी लावलेले हॉल्टिंगचे पैसे, बंदरावरून उशिरा सुटलेला माल, असे एकेक बोट मोडत मी न झालेल्या खर्चाचे खुलासेवार समर्थन केले, आणि ते इतके पटण्याजोगे होते की आमचे वाहतूकप्रमुख स्वतःहून उभे राहून म्हणाले, "मान्य आहे साहेब, जुलैत आमचं नियोजन जरा ढासळलंच."

म्हणजे गुन्हा झालेला नव्हता, तरी मी पुरावा दिला होता आणि त्यांनी कबुलीजबाब.

शेवटच्या रांगेत बसलेल्या शिकाऊ मुलाने तेवढ्यात हात वर केला. पडद्यावर चार विभागांच्या बेरजा दिसत होत्या: ३१, २७, २० आणि १५ लाख. तो बराच वेळ ओठ हलवत होता, हे मी पाहिले होते. झोप आवरत असावा असा माझा समज झाला होता. "सर," तो अत्यंत अदबीने म्हणाला, "एकूण आकडा बरोबर दुप्पट तर नाही ना आलेला?" त्यानंतर प्रोजेक्टरच्या पंख्याचा आवाज सबंध दालनाला ऐकू आला. साहेब म्हणाले, "पुढच्या मंगळवारी दुरुस्त करून परत मांडा," आणि वाहतूकप्रमुख खाली बसले. बसताना त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर पुढचे सहा दिवस माझ्याबरोबर घरी येत होती.

माझे कान तापले. डार्विनने १८७२ मध्ये लाजेने लाल होण्यावर सबंध प्रकरण लिहिले आहे, आणि माणसाच्या सर्व भावदर्शनांत हेच सर्वांत विशेष आणि सर्वांत मानवी, असे त्याचे मत होते. तेव्हा त्या मंगळवारी दालनात सर्वांत मानवी मीच होतो, याबद्दल शंका नको.

संध्याकाळी मी पहिली मोठी चूक दुरुस्त करायला गेलो आणि तिथे दुसरी केली. तक्ता आदल्या रात्रीच सगळ्यांना मेलने गेलेला होता. तो परत बोलावण्याची सोय मेलमध्ये असते, हे मला ऐकून ठाऊक होते. आमच्याकडच्या जुन्या व्यवस्थेत तिचा उपयोग फक्त कचेरीतल्या कचेरीत, आणि समोरच्याने मेल उघडलेला नसेल तरच होतो, हे मला नंतर कळले. ज्यांनी मेल उघडला होता त्यांच्याकडे मूळ मेल तसाच राहिला आणि वर ‘हे गृहस्थ आपला मेल परत मागू इच्छितात’ अशी वर्दी पोहोचली. माझा कोणताही तक्ता आजवर ज्यांनी उत्सुकतेने उघडला नव्हता, त्यांनी त्या संध्याकाळी तो शोधून काढून वाचला.

मग माफीचा मेल लिहायला घेतला. तो अकरा ओळींचा झाला. त्यात रात्रीचे जागरण होते, आईचे गुडघे होते, आणि बावीस वर्षांच्या सेवेचा उल्लेख दोनदा होता. घरी बायकोला वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. "अहो, हा माफीचा अर्ज आहे की निवृत्तीचा?" असे म्हणून तिने तीनच गोष्टी ठेवायला लावल्या: चुकीचा आकडा कोणता, बरोबर कोणता, आणि चूक कशामुळे झाली. दिलगिरी एकदाच, आणि तीही शेवटी. चार ओळी उरल्या. त्या पाठवल्यावर जे हलके वाटले ते खरे होते, पण ते पंचवीस मिनिटेच टिकले. कारण ३४ पैकी एकाचेही उत्तर आले नाही. ‘ठीक आहे’ एवढे तरी कोणी लिहावे, अशी माझी अपेक्षा होती. वास्तविक त्या मेलला उत्तर देण्यासारखे काही नव्हतेच. दुरुस्ती पोहोचली की लोक पुढच्या कामाला लागतात. पण शरमलेल्या माणसाला शांतता ही नेहमी आपल्याविषयीची चर्चा वाटते.

बुधवारी मी प्रत्येकाला तोंडी भेटून माफी मागण्याचा सपाटा लावला. जिन्यात खरेदी विभागातले एक गृहस्थ भेटले, त्यांना गाठून मी म्हणालो, "कालच्याबद्दल मनावर घेऊ नका." ते म्हणाले, "काल? काल मी रजेवर होतो. काय झालं?" मला सगळे पहिल्यापासून सांगावे लागले, बोर घाटासकट. दुपारपर्यंत ते मला आणखी दोघांनी विचारले, आणि ते दोघे तर बैठकीला बोलावण्याच्या पात्रतेचेही नव्हते.

माझी मुलगी मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री जेवताना तिने २००० साली प्रसिद्ध झालेला कॉर्नेल विद्यापीठातला प्रयोग सांगितला. एका विद्यार्थ्याला एका गायकाचे मोठे चित्र असलेला, घालायला लाज वाटावी असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवायचे आणि नंतर किती जणांनी तो टिपला असेल याचा अंदाज त्याला विचारायचा. अशा विद्यार्थ्यांचा अंदाज सरासरी जवळजवळ निम्म्यांचा आला. टिपलेले असत सुमारे एक चतुर्थांश. "म्हणजे बाबा, तुम्हाला वाटतं त्याच्या अर्ध्या लोकांनीच पाहिलेलं असतं." मी मनाशी हिशेब मांडला: माझी भीती ३४ ची, तर पाहणारे १७. मला बरे वाटले. मग लक्षात आले की इथेही आकडा दुप्पटच धरला गेला आहे. शिवाय त्या विद्यार्थ्याने खोलीभर फिरून ‘माझ्या टी-शर्टकडे दुर्लक्ष करा’ असे प्रत्येकाला सांगितले नव्हते, आणि मी बुधवारी नेमके तेच केले होते.

माझा चेहरा पाहून तिने दुसरा प्रयोग काढला. १९६६ मध्ये एलियट अॅरन्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांना एका प्रश्नमंजूषेच्या चाचणीची ध्वनिफीत ऐकवली. तीत उत्तरे देणारा शेवटी स्वतःच्या अंगावर कॉफी सांडतो. सांडल्यावर तो लोकांना अधिक आवडू लागला. मी भाताचा घास तसाच धरून ऐकत होतो. "पण," ती म्हणाली, "९२ टक्के उत्तरं बरोबर देणारा सांडेल तरच. ३० टक्केवाला सांडला तर होता तोही भाव उतरतो." त्यानंतर ताक वाढून घेण्यापलीकडे मी काही बोललो नाही. आपण कोणत्या टक्केवारीतले, हा प्रश्न ज्याला रात्री अकरापर्यंत पडतो त्याने ही विद्या घरात येऊ देऊ नये.

गुरुवारी नाव पडले. कँटीनच्या मामांनी "साहेब, चहा एक की दुप्पट?" असे विचारले आणि मागच्या टेबलावर कोणाला तरी ठसका लागला. मी म्हणालो, "एकच द्या, पण बिलात दोन लिहा, मी कारणं देतो." हशा झाला, आणि तो मंगळवारपासूनचा पहिला असा हशा होता ज्यात मीही होतो. या यशाने हुरळून मी तोच विनोद दुपारी लेखापरीक्षण विभागात आणि संध्याकाळी बससाठी थांबलेल्या लोकांत केला. तिसऱ्या वेळी कोणी हसले नाही. एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. स्वतःवर केलेला विनोद एकदा केला तर तो दिलदारपणा ठरतो, आणि तिसऱ्यांदा केला की लोक त्यात सांत्वनाची मागणी ऐकतात.

माझा तोल खऱ्या अर्थाने सावरला तो शुक्रवारी, आणि तोही माणसांपासून दूर, त्या तक्त्यासमोर. सगळे गेल्यावर मी तो उघडला. तोवर मी त्याच्याकडे पाहिलेच नव्हते. माफ्या मागण्यात इतका गुंतलो होतो की चूक नेमकी कुठे आहे हे पाहायला सवड मिळाली नव्हती. मेलमध्ये मी ‘बेरजेतील तांत्रिक दोष’ असे लिहिले होते, ज्याचा अर्थ ‘ठाऊक नाही’ असा होतो. दोष साधा निघाला. ३६ गाड्यांच्या ३६ ओळी होत्या, आणि साहेबांना वाचायला सोपे जावे म्हणून सोमवारी रात्री मी त्यांत चार विभागांच्या चार बेरजा घातल्या. मग माउस वरपासून खालपर्यंत ओढून एकूण बेरीज घेतली. त्या ओढण्यात गाड्या आल्या आणि गाड्यांच्या बेरजाही आल्या; प्रत्येक रुपया दोनदा मोजला गेला. आकडा बरोबर दुप्पट येणे हीच या चुकीची खूण असते, आणि ती त्या मुलाने मागच्या रांगेतून ओळखली होती.

उपायही मला माहीत होता. पहिल्या सूत्राच्या जागी मी दुसरे लिहिले:

```
=SUM(D2:D41)
=SUBTOTAL(9,D2:D41)
```

एंटर दाबले. पडद्यावर १ कोटी ८६ लाख. पुन्हा दाबले. तेच. रिकाम्या कचेरीत तो आकडा माझ्याकडे पाहत होता आणि या वेळी समोर कारणे द्यायलाही कोणी नव्हते. पाऊण तासाने उमगले की `SUBTOTAL` आपल्या जातीच्याच बेरजा वगळते. मधल्या चार बेरजा मी `SUM` ने केल्या होत्या, त्यांना ती साध्या रकमाच समजत होती. चारही बदलल्या, आणि ९३ लाख आले. मग लेजरमधला आकडा शेजारच्या रकान्यात लिहून दोन्हींची वजाबाकी घेतली: शून्य. त्या शून्याकडे मी जितका वेळ समाधानाने पाहिले तितका वेळ कोणत्याही कोटीकडे पाहिलेले नाही. तीन दिवस लोकांच्या चेहऱ्यांत जे शोधत होतो ते एका रकान्यात मिळाले. शनिवारी त्या शिकाऊ मुलाला बोलावून सगळे दाखवले. त्याने फक्त एवढेच विचारले, "सर, मी त्या दिवशी सगळ्यांसमोर विचारायला नको होतं का?" तोही चार दिवस झोपला नव्हता, आणि मी त्याच्याविषयी क्षणभरही विचार केलेला नव्हता.

मंगळवारी दालनात पुन्हा उभा राहिलो. ३१, २७, २० आणि १५, एकूण ९३ लाख. मागच्या रांगेतून ओठ हलले आणि मान डोलली. मी बसणार तोच साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "जूनचे ८८ होते. म्हणजे पाच लाख वाढलेच. ते कशामुळे?"

ते पाच लाख अक्षरशः बोर घाटात अडकलेल्या ट्रकांचे आणि त्यांच्या हॉल्टिंगचे होते. कारण खरे होते, बिलांसह होते, आणि मागच्या मंगळवारी खर्च होऊन गेले होते. मी वाहतूकप्रमुखांकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग आम्ही दोघे एकाच वेळी म्हणालो, "पाहून सांगतो."