ब्लूटूथ कीबोर्ड, डोंगल आणि गायब झालेलं शून्य

‘वायरलेस कीबोर्ड घेताय? ब्लूटूथवाला घेऊ नका. अक्षरं मागे पडतात, सेल महिन्यात संपतात. डोंगलवाला घ्या. यूएसबीत खोचला की झालं, पुढे काही बघावं लागत नाही.’

नाशिकच्या दुकानदारांच्या आणि अकाउंटंटांच्या ग्रुपांवर हा मेसेज मला तीनदा आला. त्यावर भरवसा ठेवून लोक खरेदी करत आहेत, म्हणून हे लिहितो.

आधी अक्षरांचं. साधा ऑफिसचा डोंगल सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी कीबोर्डची खबर कॉम्प्युटरला देतो. आताच्या बहुतेक ब्लूटूथ कीबोर्डांत हे अंतर कमीत कमी ७.५ मिलिसेकंद असतं, प्रत्यक्षात बहुधा दहा-पंधराच्या घरात. मिनिटाला ६० शब्द टाइप करणाऱ्याच्या दोन अक्षरांमध्ये साधारण २०० मिलिसेकंद जातात. त्यात पाच-सात इकडेतिकडे झाले तर बोटांना पत्ताही लागत नाही. सेकंदाला हजार वेळा खबर देणारे गेमिंगचे डोंगल वेगळे. वेगवान गेम खेळणाऱ्याने तेच घ्यावेत, याबद्दल माझा वाद नाही.

मग लोकांना उशीर दिसतो तो कुठला? झोपेचा. काही मिनिटं हात लावला नाही की कीबोर्ड सेल वाचवायला झोपतो. ब्लूटूथला पुन्हा जोडणी करायला सेकंद-दोन सेकंद लागू शकतात, आणि तेवढ्यात पहिली एक-दोन अक्षरं हरवतात. डोंगल इथे खरोखर चपळ आहे. ओळखायची खूण सोपी: त्रास फक्त थांबून परत सुरू करताना होतो की सलग टाइप करतानाही? पहिलं असेल तर आधी शिफ्ट दाबा, क्षणभर थांबा आणि मग लिहा. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरात ब्लूटूथ अडॅप्टरच्या Power Management खाली “Allow the computer to turn off this device to save power” ही खूण दिसत असेल तर तीही काढून पाहा.

सलग टाइप करताना अक्षरं गळत असतील तर मात्र प्रकरण वेगळं, आणि ‘खोचला की झालं’ हे तिथेच खोटं पडतं. कॅनडा कॉर्नरजवळ माझ्या मेव्हण्याचं हिशेबाचं ऑफिस आहे. गेल्या मार्चअखेरीस एका कांदा व्यापाऱ्याच्या नोंदींत ११५०० च्या जागी ११५० पडलं. कीबोर्ड डोंगलवाला. सेल बदलले, उपयोग शून्य. डोंगल कॅबिनेटच्या मागे निळ्या पोर्टात होता आणि शेजारच्या निळ्या पोर्टात बॅकअपची हार्ड डिस्क. निळा पोर्ट म्हणजे बहुतेक वेळा यूएसबी ३. त्याच्या वेगवान डेटामुळे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट होतो, आणि डोंगल नेमका त्याच पट्ट्यात ऐकत असतो. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून प्रसिद्ध केलं आहे.

आम्ही नोटपॅडमध्ये १२३४५६७८९० दहा वेळा टाइप केलं. डिस्क काढलेली असताना एकही आकडा गळला नाही. फाइल कॉपी चालू असताना तीन ओळींत गळले. मग एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल टेबलावर कीबोर्डजवळ आणला. त्रास थांबला. ब्लूटूथही त्याच पट्ट्यात चालतं, त्यामुळे तेही या गोंगाटातून पूर्ण सुटत नाही. पण लॅपटॉपचा अँटेना बहुधा स्क्रीनच्या कडेला, म्हणजे पोर्टांपासून लांब असतो.

सेलांबाबत तर मेसेज सरळ चुकीचा आहे. लॉजिटेकचा के३८० ब्लूटूथवर चालतो, के२७० डोंगलवर; दोन्हींना दोन एएए सेल लागतात आणि कंपनी दोन्हींना २४ महिन्यांपर्यंतचं आयुष्य सांगते. सेल खातो तो बटणांखालचा दिवा. त्याच कंपनीचा एमएक्स कीज दिवा लावून १० दिवस आणि दिवा बंद ठेवून ५ महिने, असं तीच सांगते. महिन्याभरात चार्ज संपत असेल तर आधी दिवा बंद करा.

राहिला पोर्ट. दोनच टाइप-सी पोर्ट असलेल्या लॅपटॉपला डोंगलसाठी कन्व्हर्टर लागतो, चार्जर लावला की दुसरा पोर्टही गेला. स्वस्त कीबोर्डचा डोंगल हरवला तर कीबोर्ड बहुधा निकामी, कारण जोडी कारखान्यातच लावलेली असते. लॅपटॉपवाल्याने म्हणून ब्लूटूथच घ्यावा, असं माझं मत आहे. जुन्या डेस्कटॉपचं मात्र उलट. त्यात ब्लूटूथ नसतंच, ते आणायला वेगळा यूएसबी अडॅप्टर लावावा लागतो, मग पोर्ट कुठे वाचला? शिवाय विंडोज सुरू होण्याआधी ब्लूटूथ कीबोर्ड बहुधा चालत नाही, डोंगल चालतो. तरीही डेस्कटॉपला ब्लूटूथच लावणार असाल तर वायरचा जुना कीबोर्ड भंगारात देऊ नका. विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, म्हणजे बायॉसमध्ये जायला F2 किंवा Del दाबायची वेळ आली की तोच लागेल.